सरत्या वर्षाची बारा पाने

डिसेंबर संपत आला की भिंतीवरची जुनी दिनदर्शिका उतरते आणि नवी चढते. याच सुमारास घरातील वृद्धांविषयी काही निश्चयही होतात. आईला रोज अर्धा तास चालवायचे, बाबांचे मीठ तोडायचे, रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी कमी द्यायचे, असे ते निश्चय असतात. हेतू चांगलाच असतो. परंतु गेल्या बारा महिन्यांत काय घडले हे न पाहता केलेला निश्चय कधी निरुपयोगी ठरतो, तर कधी अपायकारक. म्हणून, वाचकहो, उतरवलेली दिनदर्शिका रद्दीत टाकण्यापूर्वी ती एकदा वाचून पाहावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

वाचायची म्हणजे काय, ते पाहू. आपल्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिथी-वार पाहण्यापलीकडेही बरेच काही होते. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लागल्याची तारीख, वीजबिल, पाहुणे आल्याचा दिवस, दवाखान्याची फेरी हे सारे त्या चौकोनांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते. वैद्याच्या दृष्टीने हा फार मोलाचा दस्तऐवज आहे. कारण माणसाची स्मृती वर्षाचा हिशेब सरळ ठेवत नाही. तिला शेवटचा महिना आठवतो आणि मधली एखादी मोठी आपत्ती आठवते. बाकीचे दहा महिने एकमेकांत मिसळून जातात. मग डॉक्टरांनी विचारले की उत्तर येते, ‘‘दिवाळीपासून जरा खालावलंय.’’ प्रत्यक्षात उतरण संक्रांतीलाच लागलेली असते.

गेल्या वर्षअखेरीस जामखेडजवळच्या एका गावातील सूनबाई आपल्या सासूबाईंना घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या होत्या. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून ही हकीकत सांगतो. आजींचे वय शहात्तर. रक्तदाब जुना, मधुमेह नाही. वर्षाच्या आरंभी त्या स्वतः पाणी तापवून घेत, अंगण झाडत, संध्याकाळी मंदिरात जात. डिसेंबरात त्या पाऊल घासत चालत होत्या, चेहरा निर्विकार झाला होता, दिवसाही डुलक्या घेत होत्या आणि रात्री चार-चार वेळा लघवीला उठत होत्या. ऑगस्टमध्ये एकदा रात्री न्हाणीपाशी पडल्या होत्या. हाड मोडले नव्हते. पण त्या दिवसापासून मंदिर सुटले होते. सूनबाई म्हणाल्या, ‘‘वय झालंय, दुसरं काय म्हणायचं? आता नव्या वर्षात रोज धरून चालवते त्यांना, आणि रात्रीचं पाणी बंद करते.’’

मी त्यांना दोन गोष्टी मागितल्या. एक, घरातली औषधांची पिशवी, रिकाम्या पट्ट्यांसह. दुसरी, भिंतीवरची दिनदर्शिका. आठ दिवसांनी त्या दोन्ही घेऊन आल्या. सोबत एका वहीच्या पानावर त्यांनी आजींना विचारून महिन्यांची टिपणे काढली होती. ती काढताना प्रत्येक महिन्यासाठी दोनच प्रश्न विचारायचे, असे मी सांगितले होते. या महिन्यात नवे काय सुरू झाले, आणि नेहमीचे काय बंद पडले? तारखा आठवत नसतील तर सणांचा आधार घ्यायचा. ‘मार्च की एप्रिल’ हे सांगता न येणारी आजी ‘पाडव्याच्या आधी’ हे मात्र निःशंकपणे सांगते.

त्या पानावर जे उतरले ते असे होते. संक्रांतीनंतर गुडघा दुखू लागला. मुलाने औषधाच्या दुकानातून दुखणे थांबवणारी गोळी आणली, आराम वाटला म्हणून ती रोज चालू राहिली. पाडव्याच्या सुमारास तपासणीत रक्तदाब वाढलेला आढळला; अम्लोडिपिन नावाची गोळी पाच मिलिग्रॅमची होती, ती दहाची झाली. अक्षय्यतृतीयेनंतर दोन्ही पायांच्या घोट्यांवर सूज आली. जूनमध्ये सूज उतरावी म्हणून लघवीवाटे पाणी काढणारी गोळी लागली. आषाढात आजींची धाकटी बहीण वारली. त्यानंतर रात्रीचे उठणे वाढले, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. ऑगस्टमध्ये पडणे झाले. पडल्यावर चक्कर थांबवणारी गोळी मिळाली, ती गणपतीपासून रोज तीन वेळा सुरू होती. नवरात्रानंतर चाल मंदावली, बोलणे कमी झाले, हात किंचित थरथरू लागला.

या फेऱ्या निरनिराळ्या ठिकाणी झाल्या होत्या. प्रत्येक वेळी समोर असलेल्या तक्रारीवर औषध मिळाले आणि त्या दिवसापुरते पाहिले तर ते अवाजवीही नव्हते. परंतु बारा पाने एका ओळीत मांडल्यावर निराळेच चित्र दिसू लागते. ते दिसावे म्हणून पान उलट वाचावे लागते. आज जे सर्वात वाईट आहे तिथून आरंभ करून, त्याच्या आधी काय नवे सुरू झाले होते हे पाहत मागे जायचे. आपणही माझ्याबरोबर मागे चला.

आज चाल मंद आहे, चेहरा निर्विकार आहे. त्याच्या आधी काय सुरू झाले? चक्करेची गोळी. या वर्गातील काही औषधे मेंदूतील डोपामिन या द्रव्याचे काम अडवतात. तरुण माणसाने प्रवासापुरती वा चार दिवस घेतली तर सहसा काही बिघडत नाही. वृद्धांत महिनोन्‌महिने चालू राहिली तर कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. पाऊल घासणे, हात थरथरणे, चेहऱ्यावरचे भाव जाणे, गुंगी. नातलगांना हे वार्धक्य वाटते.

चक्करेची गोळी का लागली? उभे राहताना अंधारी येत होती आणि एकदा पडणे झाले म्हणून. अंधारी का येत होती? हे तपासण्याची रीत साधी आहे. रुग्णाला पाच मिनिटे आडवे ठेवून रक्तदाब मोजायचा, मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजायचा. आजींचा आडवा रक्तदाब १३८/७८ होता, उभे राहिल्यावर ११२/६८. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा इतका उतरला तरी त्याला महत्त्व द्यावे लागते; येथे वरचा सव्वीसने उतरला होता. म्हणजे ही गरगर कानातल्या तोलाची नव्हती, उभे राहताना रक्तदाब पडत होता. बसल्या-बसल्या एकदाच मोजलेल्या रक्तदाबात हे कधीच दिसले नसते.

रक्तदाब का पडत होता आणि रात्री चार वेळा का उठावे लागत होते? पाणी काढणाऱ्या गोळीमुळे. तिने शरीरातील पाण्याबरोबर क्षारही जातात. आजींच्या रक्तातील सोडियम १२९ निघाले; ते सर्वसाधारणपणे १३५ ते १४५ असावे. सोडियम उतरले की अशक्तपणा, ग्लानी आणि तोल जाणे हे सारे त्यात मिसळते. गोळी संध्याकाळी घेतली जात होती, म्हणून रात्रीची झोप तिने खाल्ली होती.

ती गोळी का लागली? पायांच्या सुजेसाठी. आणि सूज? ती अम्लोडिपिनची मात्रा दुप्पट झाल्यानंतर आली होती. हे औषध रक्तदाबावर उत्तम आहे आणि असंख्य लोक ते विनासायास घेतात. पण ते बारीक रोहिण्या सैल करते. त्यामुळे काहींच्या पायांत रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपून घोट्याशी साचते. मोठ्या मात्रेत हे अधिक होते. येथे शरीरात पाणी जास्त झालेले नसते, ते केवळ जागा बदलते. म्हणून पाणी काढणाऱ्या गोळीने ही सूज धड उतरत नाही. बाकीचे शरीर मात्र कोरडे पडते. हृदय, मूत्रपिंड आणि यकृत यांच्या विकारांतही पायांवर सूज येते, हे खरे. म्हणून ते विकार नाहीत ना, याची खात्री आधी करून घेतली.

मग मात्रा दुप्पट का झाली? रक्तदाब वाढला म्हणून. आणि तो का वाढला? येथे आपण संक्रांतीपर्यंत येऊन पोहोचतो. गुडघ्यासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांपैकी पुष्कळशा शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात व रक्तदाबाच्या औषधाचा परिणाम कमी करतात. दुकानातून आलेली ही गोळी कोणत्याही चिठ्ठीवर नव्हती. म्हणून पुढील एकाही फेरीत ती कुणाला दिसली नाही. ती फक्त पिशवीतल्या रिकाम्या पट्ट्यांत होती.

आता सूनबाईंच्या निश्चयाकडे पाहा. रात्रीचे पाणी बंद केले असते तर आधीच कोरडे पडलेले शरीर अधिक कोरडे झाले असते. वेदनाशामक गोळी आणि पाणी काढणारी गोळी एकत्र घेणाऱ्या वृद्ध माणसाच्या मूत्रपिंडांना तर ते फारच महाग पडू शकते. उभे राहताना रक्तदाब पडणाऱ्या बाईला धरून चालवले असते तर दुसऱ्यांदा पडणे झाले असते. आणि आजी चालत नाहीत याचा दोष त्यांच्या आळसाला वा सुनेच्या हयगयीला लागला असता. कारण ठाऊक नसताना इच्छाशक्तीवर भार टाकला की असेच होते.

उपाय मात्र एका दिवसात करायचे नव्हते. सगळ्या गोळ्या एकदम थांबवल्या तर कशाने काय झाले हे कळत नाही, आणि काही औषधे अचानक बंद करणे धोक्याचे असते. प्रथम दुकानातली वेदनाशामक गोळी थांबवली. गुडघ्यासाठी शेक, मांडीच्या स्नायूंचा बसल्या जागी व्यायाम आणि गरजेपुरते पॅरासिटामॉल दिले. पाणी काढणारी गोळी बंद केली आणि सोडियम पुन्हा तपासले. रक्तदाब घरी मोजत राहून अम्लोडिपिन पाचावर आणले. चक्करेची गोळी हळूहळू कमी करत थांबवली. सूज दोन आठवड्यांत बरीच उतरली. रात्रीचे उठणे चारावरून एक-दोनवर आले. चालीला मात्र वेळ लागला. पाऊल मोकळे पडू लागले तेव्हा होळी आली होती. अशा औषधांचा परिणाम जायला कधी आठवडे, कधी महिने लागतात, आणि क्वचित लक्षणे राहिली तर खरोखरचा कंपवात दडलेला नाही ना, हेही पाहावे लागते.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. एका गोष्टीनंतर दुसरी घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली असे सिद्ध होत नाही. आषाढात बहीण गेल्याची नोंद त्या पानावर होती. मंदावलेली चाल, कमी झालेले बोलणे, विस्कटलेली झोप हे शोकाचेही रूप असू शकते. म्हणून गोळ्यांची साखळी जुळली तरी मी ती कारण म्हणून नव्हे, शंका म्हणून धरली होती. गोळ्या कमी केल्यावर काय सुधारते आणि काय सुधारत नाही, यावरून निवाडा व्हायचा होता. तो तसाच झाला. पाय सुटला, हाताची थरथर गेली, गुंगी गेली. पण आजींचे गप्प बसणे गेले नाही. बहिणीशी दर आठवड्याला होणारे फोनवरचे बोलणे थांबले होते आणि त्याची जागा कशानेच घेतली नव्हती. ते औषधाने येणारे नव्हते. सूनबाईंना ते कळले ते ‘काय बंद पडले’ या प्रश्नामुळे, कारण त्याच्या उत्तरात आजींनी मंदिराच्याही आधी ‘ताईचा फोन’ लिहायला सांगितले होते. बहीण धाकटी, पण आजी तिला लाडाने ताईच म्हणत.

असे विचारण्याची जामखेडला जुनी ओळख आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा दवाखान्याआधी लोकांना हवे होते ते पाणी आणि अन्न. तिथून त्यांनी काम उभे केले. गावांनी निवडलेल्या, पुष्कळदा अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले, आणि कुणाच्या घरात काय घडते आहे हे या स्त्रिया नेमके सांगू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. निरीक्षणासाठी पदवी लागत नाही, रोज पाहणारे डोळे लागतात, ही त्या कामाची शिकवण आहे. आपल्या घरातील वृद्धाला रोज पाहणारे डोळे आपलेच आहेत.

त्या टिपणांवरून सूनबाईंनी पुढे वर्षाचे एक पान सलग वाक्यांत लिहिले. त्यांच्या परवानगीने त्यातील काही भाग देतो.

‘‘सासूबाईंचं हे वर्ष गुडघ्यापासून सुरू झालं. आम्हाला वाटलं पडल्यापासून सुरू झालं. मार्चपर्यंत त्या स्वतः मंदिरात जायच्या. जूनपासून रात्री मला हाक मारायला लाजायच्या, म्हणून अंधारात एकट्या उठायच्या. पडल्या त्या रात्रीही हाक मारली नव्हती. मावशी गेल्या तेव्हा त्या रडल्या नाहीत, घरात गडबड होती आणि कोणी विचारलंही नाही. दिवाळीत त्यांनी अनारशाचं पीठ मळायला घेतलं आणि मधेच ठेवून दिलं. मला राग आला होता. आता कळतं की हात थरथरत होता.’’

या पानात एकही संकल्प नाही. तरी ते लिहून झाल्यावर सूनबाईंनी न्हाणीच्या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा लावला आणि आजींच्या उशाशी घंटी ठेवली. हाक मारायची लाज वाटत असेल तर घंटी वाजवता येते. ‘यंदा काळजी घेईन’ अशा निश्चयातून ही घंटी सुचली नसती. ‘हाक मारायला लाजायच्या’ हे वाक्य लिहिल्यामुळे सुचली.

वाक्यांतच का लिहायचे? कारण यादीत गोष्टी सुट्या राहतात. ‘सूज, चक्कर, पडणे, मंद चाल’ असे चार शब्द एकाखाली एक लिहिले तर ते चार आजार वाटतात. वाक्य लिहिताना ‘त्यानंतर’, ‘तेव्हापासून’, ‘म्हणून’ असे शब्द वापरावे लागतात, आणि प्रत्येक ‘म्हणून’पाशी मन थबकते की हे खरेच त्यामुळे झाले का. शक्य असेल तर पान ज्येष्ठांनी स्वतः सांगावे आणि दुसऱ्याने त्यांच्याच शब्दांत उतरवावे. विस्मरण असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत सांभाळणाऱ्याने लिहावे, मात्र वाचून दाखवावे. आठवण अर्धी असली तरी चुकीच्या जागी त्या मान हलवतात.

प्रत्येक घरी अशी साखळी सापडेलच असे नाही. कधी पान उलट वाचत गेलो तरी मागे काहीच नवे सुरू झालेले नसते, आणि माणूस मात्र उतरत गेलेला असतो. हेही उत्तरच आहे, आणि ते अधिक तातडीचे आहे. उदाहरणार्थ, साठ किलो वजनाच्या माणसाचे प्रयत्न न करता वर्षभरात तीन किलो वजन उतरले, म्हणजे वीस भागांतला एक भाग गेला, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे. काटा घरात नसेल तर सैल झालेल्या बांगड्या, पोलक्याला घातलेली टीप, कमरेच्या पट्ट्याला पाडलेले नवे भोक हे काट्याचेच काम करतात. असे पान घेऊन नव्या वर्षाची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

आणि पान वाचून एखाद्या गोळीविषयी शंका आली तरी ती आपल्या मनाने थांबवू नये. हृदयाची, फिट्सची, स्टेरॉइडची आणि आणखीही काही औषधे अचानक सोडल्याने जिवावर बेतू शकते. पान, पिशवी आणि रिकाम्या पट्ट्या घेऊन नेहमीच्या डॉक्टरांकडे जावे आणि एकच विचारावे, ‘‘यातली कुठली गोळी दुसऱ्या गोळीमुळे तर लागली नाही ना?’’ पिशवीत दुकानातून आणलेल्या, शेजाऱ्यांनी सुचवलेल्या गोळ्या, काढे आणि चूर्णेही असू द्यावीत. चिठ्ठीवर नसलेले औषध डॉक्टरांना दिसत नाही.

या वर्षी आजींच्या घरची दिनदर्शिका मी अजून पाहिलेली नाही. सूनबाई सांगतात, आषाढात एका चौकोनात आजींनी स्वतःच्या हाताने काही लिहिले आहे. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते. बहिणीला जाऊन वर्ष झाल्याची ती नोंद आहे, आणि पुढच्याच चौकोनात बहिणीच्या मुलीला फोन केल्याची.